रमेर्सिये

ऑफिसात तिला ‘स्वल्पविराम’ म्हणत, कारण कुठलाही कागद तिच्या हाताखालून गेला की एकतरी स्वल्पविराम वाढायचाच. चाळिशीत, मुलगा शाळेला गेल्यावर, ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून फ्रेंच शिकली. म्हणूनच दारांचे कडीकोयंडे करणाऱ्या त्या फ्रेंच कंपनीचं काम आलं, तेव्हा ते आपोआप तिच्या गळ्यात पडलं.

काम गोदामाचं होतं. नोंदींच्या वह्यांऐवजी प्रत्येक खोक्यावर बारकोडची पट्टी आणि हातात स्कॅनर. सात महिने चाललं. तिकडच्या प्रमुख मादाम काटेकोर. त्यांचा गोदामप्रमुख साठीला टेकलेला, झुपकेदार मिशांचा माणूस. पहिल्या दिवशी व्हिडिओवर स्कॅनर उलटा धरून म्हणाला होता, “बाई, या डबड्याने माझी नोकरी जाणार, लिहून ठेवा.” पुढे तोच इतरांना शिकवू लागला. तिचा त्याच्यावर मोठा जीव.

काम संपलं. साहेब म्हणाले, “आभाराचा मेल टाका. काय साधलं ते सांगा, आणि त्यांच्या दुसऱ्या गोदामाचं सुचवा. पण मागतोय असं वाटता कामा नये.”

तिने घरी जेवणाच्या टेबलावर बसून दोन पानं लिहिली. शेवटचं निरोपाचं वाक्य एवढं लांब की सासूबाईंनी विचारलं, “माणसाला लिहितेस की राजाला?”

“तिकडे असंच लिहितात, आई.”

सकाळी साहेबांनी पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. “एवढं कोण वाचणार? मुद्दे टाका, मुद्दे!”

मग तिने काळजावर दगड ठेवून कात्री चालवली. ‘चुकीच्या पत्त्यावर जाणारी खोकी : हजारी एकेचाळीसवरून सहा. मालमोजणी : चार दिवसांऐवजी दीड. जुन्या वह्या : बंद.’ गोदामप्रमुखाबद्दलचा हळवा परिच्छेद होता, त्याचे उरले दोनच शब्द: ‘गोदामप्रमुख : रमेर्सिये.’ म्हणजे फ्रेंचमध्ये, आभार मानले. खाली एकच नम्र ओळ: दुसऱ्या गोदामाचा कधी विचार झाला, तर त्यात हातभार लावायला आम्हाला आनंदच होईल. मादामना पाठवला, प्रत गोदामातल्या सगळ्यांना. आणि ती चहाला गेली.

चहा निम्मा व्हायच्या आत फोन वाजला. मिशीवाले होते. आवाज अगदी शांत.

“बाई, मी कप आणि चपला पिशवीत भरल्यात. फक्त एवढं सांगा, मादामना स्वतः सांगायची लाज वाटली का?”

“कुठे निघालात?”

“तुम्हीच लिहिलंय ना. वह्या बंद, गोदामप्रमुख रमेर्सिये.”

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फ्रेंचमध्ये एखाद्याचे आभार मानणं आणि त्याला सभ्यपणे कामावरून काढणं, दोन्हीला शब्द एकच. वह्यांच्या शेजारी तो शब्द बसला, की अर्थ दुसराच होतो! रेडिओवरच्या बाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं.

“अहो, आभार! मनापासून आभार! पिशवी खाली ठेवा आधी!”

“मी ठेवीन. पण पोरांनी स्कॅनर खाली ठेवलेत त्याचं काय? दारात ट्रक उभा आहे.”

इतक्यात दुसऱ्या फोनवर मादाम. “माझ्या माणसाला काढायचा निर्णय तुमच्या ऑफिसात कधी झाला?”

स्वल्पविरामने एकही स्वल्पविराम न घेता सगळं सांगून टाकलं. पलीकडे आधी खुसखुस, आणि मग मादाम अशा हसल्या की फोन कानापासून दूर धरावा लागला. “थांबा, खाली जाऊन मीच सांगते.”

मादाम गोदामात गेल्या. तिथे कुणाचा विश्वास बसेना. “आज नाही म्हणता, उद्या काढाल,” एकजण म्हणाला. सगळ्यांसमोर कोंडीत सापडलेल्या मादाम बोलून गेल्या, “काढते कशाला? दुसऱ्या गोदामातल्या लोकांना हे शिकवायला त्यालाच पाठवायचंय मला!”

टाळ्या पडल्या, ट्रक भरला गेला.

इकडे तिने दुरुस्तीचा मेल लिहिला. हळवा परिच्छेद पुरा घातला, राजाला शोभेलसं निरोपाचं वाक्यही, आणि साहेबांना न दाखवता पाठवून दिला.

चार वाजता मादामचं उत्तर आलं: ‘दुसऱ्या गोदामाबद्दल मी आता सगळ्यांसमोर बोलून बसले आहे, तेव्हा पुढच्या मंगळवारी भेटू. या वेळी मुद्दे नकोत.’

साहेब ते वाचून खुशीत आले. “बघा! मी म्हटलं नव्हतं, मुद्द्यात लिहिलं की काम होतं?”

मिशीवाल्यांना फोन लावून तिने विचारलं, “चपला घातल्या का परत?”

“एक घातलीय,” ते म्हणाले. “दुसरी सापडत नाहीये.”