सांभार आणायला गेले तेव्हाची पातोडी

आमच्या गृहविज्ञान विभागाने विदर्भातल्या घरगुती पदार्थांची पुस्तिका काढायची ठरवली, तेव्हा मॅडमनी सांगितलं की प्रत्येकीने आपल्या घरच्या एका पदार्थाचा व्हिडिओ काढायचा, त्यावरून कृती लिहायची आणि खाली करणाऱ्या बाईचं नाव द्यायचं. मी लगेच हात वर केला. एरवी मी वर्गात फारशी बोलत नाही. पण आईचं नाव छापलेलं मला पाहायचं होतं. आमच्या घरात कुणाचंच नाव रेशनकार्डाशिवाय आणि लग्नाच्या पत्रिकेशिवाय कुठे छापलेलं नव्हतं.

आई अकोल्यात खानावळ चालवते. तिच्या पातोडी रश्श्यासाठी, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्श्यासाठी, माणसं लांबून येतात. मी अमरावतीहून एका शनिवारी घरी गेले आणि रविवारी सकाळी ओट्यापाशी मोबाईल धरून उभी राहिले. आईने पदर सारखा केला. वहिनी मागे कांदे भाजत होती. आईने कढईत फोडणी केली, पेलाभर पाणी ओतलं, उकळी आल्यावर दोन वाट्या बेसन सोडलं आणि घोटायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांभार संपला वो. बाजारातून घेऊन ये. ताजा पाह्यजो."

सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मी मोबाईल बंद करून गेले. परत आले तेव्हा पातोडी ताटात थापून झाली होती, गुळगुळीत, पिवळी, काठोकाठ. उरलेलं सगळं मी चित्रित केलं: वड्या कापणं, वाटण परतणं, रस्सा उकळणं. जेवणात त्या दिवशी झुणकाही होता. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

व्हिडिओवरून कृती लिहिणं वाटतं तितकं सोपं नसतं. मॅडमनी पद्धत शिकवली होती. आधी काही न लिहिता पूर्ण बघायचं. मग थांबवत थांबवत जिन्नस ज्या क्रमाने पडतात त्या क्रमाने उतरवायचे. मी आईचा पेला, वाटी आणि ते ताटही पिशवीत घालून आणलं होतं. पेल्यातलं पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतून मिलिलिटर काढले, वाटीभर बेसन काट्यावर तोललं. चिमूट, मूठ यांचे चमचे केले. वेळ मात्र फक्त सलग चित्रणातूनच घ्यायचा, आणि नुसती मिनिटं लिहून भागत नाही, कारण प्रत्येकीची शेगडी वेगळी. म्हणून ‘कांदा कडेने तांबूस होईपर्यंत’ अशी खूणही लिहायची. मी बाजारात असतानाचं घोटणं तेवढं ‘घट्ट होईपर्यंत’ असं अंदाजाने लिहिलं.

शेवटी परीक्षा. जिने व्हिडिओ पाहिलेला नाही, तिने फक्त कागदावरून पदार्थ करून दाखवायचा. माझा कागद वरूडच्या मैत्रिणीकडे गेला. तिने एकेक ओळ मोठ्याने वाचत केलं. बेसनाच्या गुठळ्या झाल्या. थापताना ते चिरत होतं. रश्श्यात सोडल्यावर वड्या फुटल्या आणि आत पीठ कच्चं.

"तुह्या आईच्या खानावळीत लोक हेच खायले येतात?" ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

मला वाटलं, माझंच मोजमाप चुकलं. मी पुन्हा तोललं. पुन्हा केलं. तेच झालं. तेव्हा माझं लक्ष ताटाकडे गेलं. आईचं ताट काठोकाठ भरलं होतं. आमचं पीठ त्याच ताटात तितक्याच जाडीने थापलं तर जेमतेम अर्ध्याच्या पुढे गेलं. जेवढं कढईत पडलं त्यापेक्षा जास्त ताटात येऊ शकत नाही. वाफ होऊन उलट कमीच व्हायला हवं.

मी दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी लावली. दुसऱ्यात ओट्याच्या कडेला एक रिकामं पातेलं होतं, आत पांढरं कडं सुकत आलेलं. पहिल्यात ते नव्हतं. ताकाचं पातेलं. आणि मग तो झुणका आठवला. माझ्यासमोर घोटलेलं बेसन पातोडीचं नव्हतंच. त्याचा झुणका झाला होता, आणि मी तो भाकरीशी खाल्ला होता.

पुढच्या खेपेला मी ताक घेतलं, पाणी मिळून द्रव दुप्पट केला, बेसन त्यात थंडच कालवून गुठळ्या मोडल्या आणि मग फोडणीवर ओतून सतत हलवलं. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं तेव्हा झाकण ठेवून एक वाफ काढली. ताट काठोकाठ भरलं. वड्या रश्श्यात टिकल्या. मैत्रीण बोटं चाटत होती. मी माझी वाटी बाजूला ठेवली.

कारण मला सांभार आठवत होता. लहानपणापासून पातोडीच्या दिवशी मीच सांभार आणते. कधी सांभार, कधी लिंबू, कधी शेजारच्या काकूंकडून उगाच एखादं भांडं. मला वाटायचं, मी कामाची पोरगी आहे.

घरी गेले तेव्हा दुपारची गिऱ्हाइकं उठली होती. वहिनी ताटं घासत होती. मी आईला कागद वाचून दाखवला, ताकासकट. मग तिने विचारलं, "हे तुले कोनं सांगतलं?" आणि तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीचा हात थांबला.

मी घाईने सांगितलं की कुणीच नाही, व्हिडिओतून काढलं, ताटावरून. आईला ते अर्धवटच पटलं. वहिनी पुन्हा घासायला लागली, पण मान वर केली नाही. तेव्हा मला कळलं की वहिनीला हे सगळं येतं. तिला कधी कुणी बाजारात पाठवलं नव्हतं.

"मले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

आई चिडली नाही. ती मला समजावून सांगत होती, हेच जास्त लागलं. तिच्या सासूने तिला शिकवलं, स्वतःच्या पोरींना नाही. हातचं कसब घरात राहिलं पाहिजे, त्यावर घर चालतं, माझं हॉस्टेलही त्यावरच चालतं. "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाशीन," ती म्हणाली. "तुह्या मनात काही नसलं तरी तिथं करशीनच ना."

मी पुस्तिकेचं विचारलं. तिने सांगितलं की नाव खुशाल टाक, पण कृती पहिल्या कागदावरची टाक, जशी मोबाईलमध्ये आहे तशी.

म्हणजे तिच्या नावाखाली फुटणारी पातोडी. कुणीतरी ती करून पाहील आणि वरूडच्या मैत्रिणीसारखं हसेल. आणि खरी कृती दिली तर आईच्या खानावळीतलं तिचं जे आहे ते मी वाटून टाकणार, आणि तिच्या मनात वहिनीबद्दलचा संशय कायमचा राहणार. मी मॅडमना सांगितलं की माझा पदार्थ जमला नाही. त्यांनी माझ्या जागी चिखलदऱ्याच्या मुलीची खीर घेतली. पुस्तिका छापून आली तेव्हा त्या मुलीच्या आईचं नाव मी दोनदा वाचलं.

दिवाळीत घरी होते. आईने पातोडीला कढई ठेवली, बेसनाचा डबा काढला आणि सवयीने म्हणाली, "सांभार आन वो."

सांभार ओट्यावरच होता, धुऊन, चिरून. तिनेही तो पाहिला. माझ्याकडेही पाहिलं. शब्द मागे घेईल म्हणून मी थोडी थांबले. ती कढईकडे वळली.

मी पिशवी घेतली आणि बाजारात गेले.