पंतुलम्मानं खोडलेली ओळ

सुगुणा पंतुलम्माच्या हातून गावातली किती पत्रं दुबईला गेली, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. जगित्यालच्या बाजूचं गाव ते. निम्मे बापे गल्फला, बायका घरोघरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतायत, आणि फोन काय तो एकट्या सरपंचाकडे. पंतुलम्मा म्हणजे तेलुगूत शाळेतली बाई; एकतीस वर्षं शिकवून ती निवृत्त झाली, तरी दुपारी तिच्या ओसरीवर दोघी-तिघी बसलेल्याच असायच्या. स्वतःचा नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. दुसऱ्यांचे नवरे मात्र तिच्या पत्रांनी सांभाळले, असं ती मानायची. आणि मानत होती ते उगाच नाही, बायका तिच्या पाया पडायच्या.

तिचा नियम एकच. वाईट बातमी समुद्रापार पाठवायची नाही. छप्पर उडालं, शेळी मेली, सासूनं जेवायला घातलं नाही, काही असो, पत्रात "इकडे सर्व क्षेम" असंच. बिचारा तिकडे उन्हात राबतोय, त्यानं ऐकून करायचं काय? एकाची आई वारली तेव्हाही तिनं "अम्माची तब्येत जरा नरम आहे" एवढंच लिहिलं होतं. त्याला खरं कळलं पाच महिन्यांनी. पंतुलम्माला त्याचं कधी काही वाटलं नाही.

त्या जूनमध्ये बिड्या वळणाऱ्या भूलक्ष्मीची पोर आली, शिरीषा. आठ वर्षांची. हातात वहीचा चुरगळलेला कागद.

"पंतुलम्मा, बापूचा वाढदिवस आहे. एक जुलै. मी लिहिलंय. नीट करून द्या."

आता एक जुलै म्हणजे पासपोर्टातला वाढदिवस. एजंटानं गावातले निम्मे बापे त्याच दिवशी जन्माला घातले होते. खरी तारीख पोरीच्या बापाच्या, लक्ष्मीराजमच्या, आईलाही ठाऊक नव्हती. पण पोरीच्या वर्गात हल्ली वाढदिवस करायला लागले होते, आणि तिला आपल्या बापाचा करायचा होता. बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. तो अजून आला नव्हता. दुसऱ्या दिवशी गावातला दुबईवाला मल्लेशम सुट्टी संपवून परत निघणार होता, लोणच्याच्या बरण्यांबरोबर चिठ्ठ्याही त्याच्याच पिशवीत जायच्या.

पंतुलम्मानं चष्मा लावला. कागदावर असं होतं:

"बापू तू कसा आहेस मी बरी आहे आमची काळी शेळी मेली अम्मा रडली नाही मी रडले आता ती दोन पिल्लं देणार आहे बापू तू आमच्या जीवनाचा दीप आहेस बापू माझे पुढचे दोन दात पडले एक आला बापू मला तुझा चेहरा आठवत नाही फोटोतला आठवतो पण त्यात तू हसत नाहीस बापू वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"मेलेली शेळी पिल्लं देणार?"

"नाही हो! ती नाही, पांढरी!"

"मग पांढरी लिही की. तिकडे बापूला कसं कळायचं?"

बाई कामाला लागली, आणि काम तिला येत होतं यात शंका नाही. शुभेच्छा तळातून उचलून वर आणल्या. "जीवनाचा दीप" वर बोट ठेवून विचारलं, "हे कुठून आणलंस?" दुकानातल्या कार्डावरून, असं कळल्यावर ते काढलं. लांबलचक वाक्य पोरीकडून मोठ्यानं वाचून घेतलं, जिथं तिचा श्वास संपला तिथं पूर्णविराम दिला. पाच "बापू" होते, त्यातले तीन ठेवले. इथवर सगळं छान झालं. मग तिची पेन्सिल काळ्या शेळीवर गेली आणि ती ओळ गेली. रडणं गेलं. चेहऱ्याची ओळ तर तिनं दोनदा खोडली. त्या जागी लिहिलं, "तुमची रोज आठवण येते. इकडे सर्व क्षेम."

शिरीषानं खाली मान घालून सुवाच्य अक्षरात ते उतरवून काढलं.  पंतुलम्मानं केलेलं, ते बरोबरच असणार.

तेवढ्यात मल्लेशम चिठ्ठ्या गोळा करत आला. तिचाच जुना विद्यार्थी. त्यानं उभ्या उभ्या चिठ्ठी वाचली आणि तोंड कसनुसं केलं.

"काय झालं रे?"

"काही नाही, पंतुलम्मा."

"सांग म्हणते ना!"

"रागावू नका. खोलीत आम्ही बारा जण. वाचता येतं ते मला एकट्याला, सगळ्यांची पत्रं मीच वाचतो. तुमचं पत्र निघालं की पोरं माझ्याआधीच म्हणतात, 'इकडे सर्व क्षेम.' पाठ झालंय त्यांना. बाराही बायका एकाच सुरात बोलतात म्हणून हसतात. लक्ष्मीराजम हसत नाही. तो बादली घेऊन कपडे धुवायला जातो. पूर्वी अर्ध्यात उठायचा. आता मी पाकीट फोडलं की उठतो."

पंतुलम्माचा चेहरा लाल झाला. "मग काय लिहायचं होतं? रडगाणी? तुम्हाला तिथं झोप लागावी म्हणून मी..."

 वीस वर्षांची पत्रं, आणि माणूस बादली घेऊन उठतो. तिला फार लागलं ते. मल्लेशम चप्पल घासत राहिला, मग म्हणाला, "शेजारी जाऊन येतो," आणि सटकला.

तो गेल्यावर तिनं चुरगळलेला कागद पुन्हा मांडीवर घेतला.

"शिरीषा, मी खोडलं ते चुकलं."

एकतीस वर्षांत असं तिनं कुठल्या पोराला सांगितलं नव्हतं. पोर घाबरूनच गेली.

"चेहरा आठवत नाही, हे खरं आहे?"

"हो."

"मग तेच लिही."

"बापूला राग येईल?"

"येईल. नाहीतर रडेल. मला नाही माहीत गं."

त्या ओळीपुढे "पण तुम्ही मला फार आवडता" असं काहीतरी जोडावं म्हणून बाईचे हात शिवशिवत होते. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं विचारलं, "पुढे काही सांगायचंय त्याला?"

पोरीनं पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवत विचार केला. मग स्वतःच लिहिलं. नवी चिठ्ठी अशी झाली:

"बापू, वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझे पुढचे दोन दात पडले, एक आला. आपली काळी शेळी मेली. अम्मा रडली नाही, मी रडले. आता पांढरी दोन पिल्लं देणार आहे. बापू, मला तुझा चेहरा आठवत नाही. फोटोतला आठवतो, पण त्यात तू हसत नाहीस. बापू, तू बसमधून उतरलास की आधी तूच मला हाक मार. म्हणजे माझी चूक होणार नाही."

मल्लेशम परत आला, पण ही चिठ्ठी त्यानं वाचली नाही. घडी घालून खिशात ठेवली, पिशवीत नाही.

उत्तर आलं श्रावणात, मल्लेशमच्या अक्षरात. आत स्टुडिओत काढलेला फोटो. भूलक्ष्मी सूप बाजूला ठेवून पोरीला घेऊन ओसरीवर आली, आणि पंतुलम्मानं वाचलं:

"शिरीषा, हा बघ मी. केस गेले. फोटोवाल्यानं तीनदा सांगितलं तेव्हा हसलो. मलाही तू चार वर्षांचीच दिसतेस. हाक मी मारीन. पण ओळखायला मला वेळ लागला तर तू रागावू नकोस."

शिरीषा फोटो घेऊन उजेडाला गेली. भूलक्ष्मी मात्र हलली नाही. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं एकमेकांत गुंतवून ती बसून राहिली.

"पंतुलम्मा, माझंही लिहा."

पंतुलम्मानं कागद घेतला. सवयीचा हात, "इकडे सर्व" एवढं लिहून झालंच.

"ते खोडा," भूलक्ष्मी म्हणाली. "मी सांगते तेच लिहा. लिहा, चार वर्षं झाली. मला राग आलाय."

पंतुलम्मानं खोडलं, ती म्हणाली तसंच्या तसं लिहिलं, आणि विचारलं, "पुढे?"