सहा ते सातचा शांत तास

बोनकोड्यात माझ्या मित्राची तीन मजली इमारत आहे. खाली दुकानं, वर भाडेकरू आणि गच्चीला लागून एक खोली. त्या खोलीत आम्ही दोघं निवृत्त माणसं पाच महिने बिटकॉइनचे सौदे करत होतो. त्यातला एक सौदा बुडाला आणि माझा मित्र विसरभोळा ठरला. हे खोटं होतं, आणि ते पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं होतं.

बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात मी तीस वर्षं शिफ्टवर होतो. दर तासाला टाकीचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं, हे माझं काम. मित्राने फोनवर हा बाजार दाखवला तेव्हा मी तेच केलं. एक वही घेतली आणि दर तासाचा सर्वांत वरचा भाव, सर्वांत खालचा भाव आणि दोन्हींतलं अंतर लिहू लागलो. हा बाजार चोवीस तास उघडा असतो, पण चोवीस तास सारखा हलत नाही. पहाटे साडेपाचला टोकियो उघडलं की थोडी हालचाल, सातला हाँगकाँग आलं की आणखी थोडी. मग दुपारी दीडला लंडन उघडलं की अंतर एकदम वाढायचं. संध्याकाळी सातला अमेरिकेचे महागाई-रोजगाराचे सरकारी आकडे, आठला अमेरिकेचा शेअरबाजार, आणि तेव्हाची उसळी सर्वांत मोठी. वहीत ती उतरंड इतकी स्पष्ट दिसायची की मला कारखान्याची आठवण यायची. कोणत्या तासाला वाफ वाढणार, हे आधीच ठाऊक.

सर्वांत शांत तास संध्याकाळी सहा ते सात. युरोप दमलेला, अमेरिका आकड्याची वाट बघत थांबलेली. भाव छोट्या पट्ट्यात खालीवर व्हायचा. खालच्या कडेला घ्यायचं, वरच्या कडेला विकायचं आणि पावणेसातला बाहेर पडायचं. अंतर निम्मं, म्हणून आम्ही लिव्हरेज दुप्पट ठेवायचो, म्हणजे एक्स्चेंजच्या पैशावर दुप्पट मोठा सौदा. स्टॉप-लॉसही, म्हणजे ठरावीक तोट्याला सौदा आपोआप बंद करणारी अट, लावायचा नाही, हा माझाच नियम. शांत तासात बारीक झटक्याने तो उगीच लागतो, असं मी त्याला शिकवलं होतं.

"तुजी वही म्हंजे पंचांगच हाय," तो म्हणायचा. "लग्नाचा मुहूर्त पन काढशील."

"तुझं लग्न झालंय."

"म्हनून तर इचारतंय."

मार्चमध्ये एका बुधवारी मी डोळे तपासायला गेलो होतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यामुळे फोनचा पडदा धूसर दिसत होता. पावणेसहाला मी त्याला फोन केला. म्हटलं, "शांत तास येतोय, भाव खालच्या कडेला आला की घे. आज महागाईचा आकडा आहे, पावणेसातला नक्की बाहेर पड." तो म्हणाला, "आलं ध्यानात." त्याने नेहमीपेक्षा मोठा सौदा घेतला. त्याची मुलगी फिजिओथेरपीचा दवाखाना काढणार होती, त्यासाठी ठेवलेले पैसे त्यात होते.

सव्वासातला मी खोलीत पोचलो. तो पलंगावर बसला होता, फोन उपडा. मुलगी दारात उभी. भाव एका मिनिटात इतका कोसळला होता की एक्स्चेंजने सौदा स्वतःच बंद करून त्याने तारण ठेवलेली सगळी रक्कम घेतली होती.

"सहाच्या ठोक्याला पडला रं," तो म्हणाला. "आकडा सहाला आला."

"आकडा सातला येतो," मी म्हणालो. "तू सातला घेतला असशील."

"भिंतीवर सहा वाजलं व्हतं."

"बाबा, काकांनी पावणेसहाला फोन केला होता ना?" मुलगी म्हणाली. "मग मधला तास कुठं गेला?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझी वही चुकू शकते, हे तेव्हा खरंच माझ्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरी एकटाच पडद्यासमोर बसलो. आठची उसळी सातला आली. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, शेजाऱ्याला वेळ विचारली. मग शोधल्यावर कळलं, की अमेरिकेने आदल्या रविवारी आपली घड्याळं एक तास पुढे केली होती. ते दर मार्चमध्ये करतात आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे घेतात. माझी वही नोव्हेंबरात सुरू झाली होती. पाच महिन्यांत मी फक्त त्यांचा हिवाळा लिहिला होता आणि त्यालाच कायमचं समजलो होतो. सहा ते सातचा तास आता शांत उरलाच नव्हता. त्याच्या पहिल्याच मिनिटाला आकडा येऊन आदळला होता. महिनाअखेरीस युरोपनेही घड्याळं पुढे केली आणि लंडनची गडबड दीडऐवजी साडेबाराला सुरू झाली. मी वहीत तेही लिहिलं.

कळलं त्याच रात्री मी त्याला सांगायला निघालो होतो. जिन्यातच मुलगी भेटली. तिने हळू आवाजात विचारलं, "काका, बाबा अलीकडे गोंधळतात का हो?"

आणि मी म्हणालो, "वय झालं आता." हे खोटं आहे, हे मला कळत होतं. पण शब्द परत घेतला नाही.

त्यानंतर दोन वर्षं गेली. स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरने त्याला उलटे आकडे म्हणायला लावले. भीतीने तो तिथे खरोखर चुकला. दुकानांच्या किल्ल्या मुलीकडे गेल्या. भाडंही तीच घेऊ लागली. आम्ही चहा प्यायचो तेव्हा तो मधूनच विचारायचा, "त्या टायमाला मी काय करत व्हतो रं? एक तास?" मी बिस्कीट बुडवत बसायचो.

गेल्या आठवड्यात त्याने एक कागद पुढे केला. इमारतीचं मुखत्यारपत्र, मुलीच्या नावाने. "साक्षीदार म्हनून सही कर. आता माजा भरवसा नाय."

पेन माझ्या हातात होतं. मी ते खाली ठेवलं, घरी जाऊन वही आणली आणि मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने जुन्या फोनवर एक्स्चेंजचा इतिहास उघडला. तिथली वेळ लंडनच्या हिवाळी घड्याळाची असते. बारा बावीस. मी म्हटलं, "साडेपाच तास मिळव." तिने बोटांवर मिळवले. पाच बावन्न.

"म्हणजे बाबांनी बरोबर वेळेला घेतला होता?"

"मी सांगितलेल्या वेळेला."

त्याने फोन तिच्याकडून घेतला, डोळ्यांजवळ नेला. "घड्याळ अमेरिकेनं फिरवलं," तो हळूहळू म्हणाला, "आनि येडा मी?" तो हसला. मुलगी हसली नाही. तिने मुखत्यारपत्र घडी करून पर्समध्ये टाकलं, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने एकेक किल्ली चाचपून पाहिली. प्रत्येक दुकानाची त्याला बरोबर ओळखू येत होती. मग तो माझ्याकडे वळला. हसू गेलं होतं.

"तुला कदी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"दोन वर्सं," तो म्हणाला. "रोज हितंच बसून चा पीत व्हतास."

त्याने माझी वही उचलून मला परत दिली, किल्ल्या मुठीत घेतल्या आणि भाडं मागायला खाली गेला.