सगळ्या मोटरी ऑटोवर

मूल गावातल्या त्या लग्नाच्या हॉलसाठी जनरेटर किती केव्हीएचा घ्यायचा, हे मी ठरवलं. डिग्री माझी, लायसन्स माझं, आणि अक्कलही माझीच, असा माझा तेव्हा तोरा होता. हाताखाली एक वायरमन होता, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याला मी भाऊ म्हणायचो, पण बोलायचो नोकरासारखाच. पगाराशिवाय हॉलमालकानं त्याला एक कबूल केलं होतं: काम नीट झालं तर त्याच्या पोरीचं लग्न त्याच हॉलमध्ये, फुकट. तो ते रोज कुणाला तरी सांगायचा. मला त्याचा कंटाळा यायचा.

एसी, दिवे, स्वयंपाकघर, बोअरच्या दोन मोटरी असं सगळं धरून जोडलेला भार एकशेवीस किलोवॅट भरला. पण सगळं एका वेळी कधीच चालत नाही. एका भरगच्च लग्नात मी स्वतः मीटर लावून बसलो, तर काटा बासष्टच्या वर गेला नाही. म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. किलोवॅटचे केव्हीए करायला त्याला पॉइंट आठनं भागलं, साडेसत्याहत्तर आले. बाजारात साडेब्याऐंशीची मशीन मिळते. झालं! मालक खूश, मी खूश.

मोटर सुरू होताना चालू करंटच्या सहापट ओढते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एका वेळी एकच मोटर सुरू होईल, तीही हॉल रिकामा असताना, असं मी धरून चाललो. आणि मग मीच सांगितलं, "बोअर, एसी, स्वयंपाकघराचा पंखा, सगळ्यांना ऑटो लाव. लाइट आली की आपोआप सुरू. दर वेळी बटण दाबायला कोण पळेल?"

वायरमन डोकं खाजवत उभा राहिला. "सायेब, वावरातल्या डीपीवर साऱ्याच मोटरी ऑटोवर राह्यल्या ना, का लाइन येताच फ्यूज उडते. इथी मशीन बसन, बंद पडन. मोठी घ्या, नाईतर ऑटो काढा."

मालक तेव्हाच येऊन शेजारी उभा राहिला, आधीचं त्यानं ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "हे वावर नाही, भाऊ. तू पेचकस धर, हिशोब मी करतो." मालक खो खो हसला. वायरमननं ऑटो बसवले.

मे महिन्यातलं लग्न, मालकाच्या पुतणीचं, मुहूर्त भर दुपारचा. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, भार आला आणि सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या. दिवे मिणमिणले, स्टार्टर खडखडले, मशीननं काळा धूर ओकला आणि ब्रेकर पडला. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आत हजार माणसं उकडत होती, पोरं रडत होती, नवरदेवाची आजी खुर्चीतच कोसळली.

मी घामाघूम होऊन पॅनलकडे नुसता बघत राहिलो. वायरमननं मला बाजूला सारलं आणि सगळे स्विच पाडले. मशीन सुरू केली. आधी दिवे, मग एकेक एसी, मध्ये दम खाऊन पंखा, बोअर बंदच. त्याच मशीननं सगळं लग्न उचललं.

तेवढ्यात मालक आला, डोळे लाल. "हे ऑटो कोणं लावले?"

वायरमननं माझ्याकडे बघितलं. त्याला खात्री होती मी बोलेन. मी बोललो. "यानंच लावले."

खोटं कुठे होतं? हात त्याचेच होते. मालकानं वऱ्हाड्यांदेखत त्याच्या कानफटात दिली आणि ओरडला, "तुया पोरीचं लगन आता कर उकिरड्यावर!" मी खाली बघून मीटरची वायर गुंडाळत राहिलो. हरामखोर होतो मी, दुसरा शब्द नाही.

पंधरा दिवसांनी त्याच्या पोरीचं लग्न झालं, घरापुढच्या मांडवात, रणरणत्या उन्हात. पत्रिका द्यायला तो स्वतः आला होता. न जाण्याची माझी हिंमत झाली नाही. मांडवात दोन कूलर, एक माइक, थोडे दिवे, भाड्याचा छोटा जनरेटर. लाइट गेली. त्यानं सगळे स्विच बंद केले, मशीन सुरू केली, दिवे लावले. मग एक कूलर लावून थांबला.

व्याही चिडले. "दोन्ही एकदमच काऊन नाई लावत?"

"एकदम लावले का मशीन बसते," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "सायबायले इचारा. सायेब शिकलेले हायेत."

सगळा मांडव माझ्याकडे वळला.

"हो," मी म्हणालो, "बसते."

त्यानं दुसरा कूलर लावला, माझ्याकडे वळवला आणि पोरीकडे गेला.