नुसतं हँडल

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर महिलांच्या मदतीसाठी चालवलेली एक खोली आहे. बी.कॉम. झाल्यावर मी तिथे मेसेजना उत्तरं द्यायच्या कामाला लागले. फोनवर बोलायचं नाही, फक्त टाइप करायचं, हे ऐकूनच मी हो म्हटलं होतं. शाळेत मी दोन तास तहानलेली बसायचे, पण पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारायचे नाही. अशा माणसाला हे काम बरं.

खोली चालवणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढचं, मराठीत दखनी उर्दू मिसळलेली, आणि चहात साखर किती हे सोडून त्यांना काहीच दोनदा सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "बेटा, समोरचं माणूस जेवढं बोललं तेवढंच धरायचं. बाकीचं विचारायचं."

कॉलेजांमध्ये आमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर लावलेला होता. एका सकाळी त्यावर एक नवा मेसेज आला. नमस्कार नाही, नाव नाही. फक्त एक इन्स्टाचं हँडल, म्हणजे अकाउंटचं नाव, आधी @ लावलेलं. पाठवणारीच्या डीपीला जास्वंदीचं फूल.

मी ऑफिसच्या अकाउंटवरून ते शोधलं. एका मुलीचे फोटो होते. हॉस्टेलची गच्ची, कॉलेजचं गेट, गळ्यात आयकार्ड. अकाउंट उघडं होतं, कुणालाही दिसेल असं. मला वाटलं, हिला आपली ओळख करून द्यायची असेल आणि पुढचं लिहायचा धीर होत नसेल. मीही तसंच केलं असतं. म्हणून फार प्रेमाने लिहिलं, "हाय! तुमचं अकाउंट पाहिलं. फोटो छान आहेत. काय मदत हवी आहे?"

दोन निळ्या टिका आल्या. 'टायपिंग' दिसलं, गेलं, परत दिसलं, परत गेलं. मग काहीच नाही.

आपांनी माझा चेहरा पाहिला आणि फोन मागितला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हे तिचं अकाउंट आहे, असं तिनं लिहिलंय कुठं?"

"नाही. पण फोटो…"

"फोटो तिचे असतील. अकाउंट कुणाचं?"

त्यांनी ते अकाउंट उघडून स्क्रीन वर सरकवली. फोटोंखाली काय लिहिलंय ते मी पाहिलंच नव्हतं. वर्गातल्या मुलींची टिंगल होती, एका सरांबद्दल घाणेरडं वाक्य होतं.

"स्टोरी उघडली नाहीस ना? उघडली की ज्याचं अकाउंट असतं त्याला कळतं कोण बघून गेलं."

"नाही उघडली."

"चला, एक तरी काम नीट केलंस," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. "आता बस आणि तिला परत बोलती कर. तू बिघडवलंस, तूच नीट कर. माझ्याकडं नको बघू."

ती मुलगी कदाचित जगातल्या एका तरी माणसाकडून ऐकू पाहत होती की हे तू नाहीस. आणि मी फोटो छान आहेत म्हटलं होतं. मी चार वेळा लिहून खोडलं. पहिलं इंग्रजीत झालं, दुसरं बँकेच्या पत्रासारखं. शेवटी मला शाळेतलं पाणी आठवलं. बाईंनी मला कधी, तहान लागली असेल तर मान हलव, एवढंच म्हटलं असतं तर!

मी लिहिलं, "मी न विचारताच ते अकाउंट तुमचं समजले. माझं चुकलं, सॉरी. ते कुणाचं आहे? एक, माझं. दोन, माझे फोटो वापरून दुसऱ्या कुणी बनवलेलं. तीन, वेगळंच काही. नुसता आकडा पाठवला तरी चालेल. आत्ता नको असेल तर नंतर पाठवा."

जेवणाचा डबा उघडला तेव्हा उत्तर आलं. "2".

मग मात्र ते थांबेनाच. ती माळशिरसकडची, सोलापुरात हॉस्टेलला राहून नर्सिंग शिकत होती. इन्स्टावर तिचं अकाउंटच नव्हतं. मैत्रिणींच्या ग्रुपमधले फोटो कुणीतरी उचलले होते. हॉस्टेलमधल्या मुली बोलत नव्हत्या. गावात चुलतभावाने ते पाहिलं, वडिलांना दाखवलं, आणि शनिवारी मोठा भाऊ तिला कायमचं घरी न्यायला येणार होता. तो मंगळवार होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्याहून हळू बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. आपांनी आधी सगळ्या पोस्टचे स्क्रीनशॉट काढायला लावले, हँडल आणि तारीख दिसतील असे, आणि प्रत्येक पोस्टची लिंक वेगळी उतरवून घेतली. "हँडल काय, ज्यानं बनवलंय तो उद्या बदलेल. आणि बंद झालं की पुरावाही जाईल," त्या म्हणाल्या. मग आम्ही तोतया अकाउंटची तक्रार भरली. स्वतःचं अकाउंट नसलेल्यांनाही ती करता येते. ओळखपत्राचा फोटो तिने स्वतः जोडला. तिथून आपा तिला घेऊन सायबर पोलिसांकडे गेल्या.

शनिवारपर्यंत अकाउंट जसंच्या तसं होतं.

भाऊ आला तो थेट आमच्या खोलीतच, कारण तिने त्याला पत्ता दिला होता. त्याच्या हातात एक मोठी रिकामी पिशवी होती, तिचं अंथरूण-पांघरूण न्यायला आणलेली. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"हे तिचं न्हाय कशावरनं?"

आपांनी तक्रारीची पोच दाखवली. "तिनंच चालवलं असतं तर स्वतःचं ओळखपत्र देऊन बंद करा म्हणाली असती का?"

"अंगाशी आल्यावर कुणीबी म्हणंल की."

ती खाली बघत होती. आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीला विचारलं, "आपलं पहिलं बोलणं दाखवू का यांना?" तिने मान हलवली.

मी फोन त्याच्यापुढे धरला. तिने पाठवलेलं हँडल, त्याखाली माझं 'फोटो छान आहेत', त्याखाली माझं सॉरी. मी म्हणाले, "दादा, मलाही आधी तिचंच वाटलं. फोटो तिचे, म्हणजे अकाउंट तिचं. मीही तिला विचारलं नाही. तुम्ही विचारलंत?"

त्याने ते दोनदा वाचलं. माझं सॉरी जरा जास्तच वेळ वाचलं. मग बसला. बहिणीकडे न बघता म्हणाला, "तू केलंयस का गं हे?"

"न्हाय दादा."

"मग आदी का सांगितलं न्हायस?"

"तुमी विचारलंच न्हाय."

आपा चहा सांगायला उठल्या. भावाने वडिलांना फोन लावला. पोलिसात दिलंय, हे तीन वेळा सांगितलं. तिकडून आरडाओरडा ऐकू येत होता, पण हा म्हणत राहिला, "परीक्षा होऊ द्या की." जाताना ती पिशवी घडी करून त्याने काखेत मारली.

पुढच्या गुरुवारी सकाळी जास्वंदीच्या फुलावरून मेसेज आला. फक्त तेच हँडल. पुढे-मागे काही नाही.

त्यावर अजून काही टाकलं असेल का? की बंद झालं? बोट शोधायच्या जागेवर गेलंही होतं. ते उचललं आणि लिहिलं, "काय झालं? एक, अजून आहे. दोन, गेलं."

'टायपिंग' बराच वेळ दिसत राहिलं. या वेळी मी फोन खाली ठेवला नाही.

"दोन," तिने अक्षरात लिहिलं होतं. आणि खाली, "काल वार्डात ड्युटी लागली. हॉस्टेलच्या मुली पण बोलल्या. एक सॉरी म्हणाली. तुमच्यासारखंच."