हुरडा फक्त पंधरा दिवस

शाळेत असताना मला निबंधाला दोनदा बक्षीस मिळालं होतं. ती मस्ती अजून उतरलेली नाही. केडगावला पुणे रस्त्यालगत आमचा छोटा कॅफे आहे. नवरा गल्ला आणि माणसं सांभाळतो, मी स्वयंपाकघर आणि लिखाण. लिखाण म्हणजे दारातला फळा आणि मोबाईलवर टाकायची जाहिरात. नवीन पदार्थ आला की त्यावर आठ-दहा ओळी लिहायच्या, तो कुठून आला, का खायचा. लोक वाचून हसतात, फोटो काढतात, मग आत येतात. मला वाटायचं, आपल्या हातात जादू आहे. जादू कसली, डोंबल!

त्या हिवाळ्यात आम्ही हुरड्याचं थालीपीठ आणायचं ठरवलं. हुरडा माझ्या आत्याच्या शेतातला. आत्या मिरजगावजवळ एकटी राहते. गुळभेंडी ज्वारी आता आमच्या नात्यात तिच्याशिवाय कुणी पेरत नाही. बी माझ्या आजीचं, म्हणजे आत्याच्या आईचं. बाजारात गुळभेंडी म्हणून पाकीट मिळतं, नाही असं नाही. पण आजीच्या कणसाचा हुरडा तळहातावर चोळला की दाणा एका दमात मोकळा होतो आणि तोंडात गोड दूध उतरतं. ते पाकिटातल्याला येत नाही. मागच्या वर्षीचं उरलेलं बी सोंड्यांनी पोखरून टाकलं होतं. म्हणजे जे काही होतं ते शेतात उभं होतं, घरात मूठभरही नव्हतं. हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी स्वतःला सोडवून घेईन.

लिहायच्या आधी मी आत्याला फोन केला. म्हटलं, "हुरडा थोडेच दिवस का असतो, ते मला नीट सांग. लोकांना समजावायचंय."

"त्यात काय समजवायचं? दाणा आधी दुधात असतो, मंग हुरड्यात येतो. आठ-धा दिस. त्येच्या म्होरं टणक हुतो, मंग भाकरीच करा. ऊन तापलं तर तेवढं बी न्हाई. आन सकाळी तोडलेलं कणीस त्याच दिशी भाजायचं, शिळ्यात गोडी ऱ्हात न्हाई."

"बास, एवढंच?"

"एवढंच कसं? खालचा तुकडा म्या आठवडाभर उशिरा पेरलाय, त्यो बियाचा. त्याला हात लावायचा न्हाई. समदं खाल्लं तर पुढल्या साली काय पेरायचं, कपाळ?"

मी सगळं उतरवून घेतलं आणि लिहायला बसले. दूध, दाणा, थंडी, सकाळची तोडणी, गोवऱ्यांची आगटी, सगळं आलं. 'एकाच शेतातला हुरडा' हेही आलं. पण बियाचं वाक्य काही बसेना. फळ्यावर जागा नव्हती आणि थालीपीठ खाणाऱ्याला बियाशी काय घेणं! ते मी काढलं. मग 'आठ-दहा दिवस' हे कसंतरीच दिसायला लागलं, रस्त्यावरच्या सेलसारखं. 'फक्त पंधरा दिवस' याला कसा ठेका आहे. तो घातला. शेवटी लिहिलं, 'पुढच्या हिवाळ्यात पुन्हा.'

नवरा म्हणाला, "आत्या दहा म्हणतेय ना?"

"चार दिवस इकडेतिकडे," मी म्हटलं. "लिहिण्यात एवढं चालतं."

आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लई ग्वाड लिवलंस. तुझ्या आज्जीनं ऐकायला पायजे हुतं." मला भरून आलं. पंधरा ऐकून ती गप्प झाली होती, हे मला आज कळतं.

आणि गर्दी झाली, बाप रे! नगरची माणसं, पुण्याला जाणाऱ्या गाड्या, शनिवार-रविवारी तर बाहेर खुर्च्या टाकल्या. रोज सकाळी मिरजगावहून टेम्पोत कणसांचं पोतं यायचं. मागच्या अंगणात गोवऱ्यांवर भाजायचं, गरम असतानाच चोळायचं, थालीपीठ थापायचं. दहाव्या दिवशी दाणा दाताला लागायला लागला आणि पहिल्या पेऱ्यातली कणसंही संपली. नवरा म्हणाला, दुसऱ्या शेतकऱ्याकडून आणू. मी म्हटलं, फळ्यावर एकाच शेतातला असं लिहिलंय, खोटं कसं बोलायचं? खरेपणाचा मोठा पुळका मला! फोन करून आत्याला म्हटलं, "अजून पाच दिवस काही होईल का गं?"

"बघते," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी पोतं आलं, दाणा पुन्हा कोवळा. मी खूश. कोवळा कसा, हे विचारायचं सुचलंच नाही. सुचलं नाही की सुचू दिलं नाही, देव जाणे.

पंधराव्या दिवशी दुपारी शेवटची कणसं भाजून झाली आणि मी पोतं झटकलं. तळातून चिंध्या पडल्या, लाल, जुन्या लुगड्याच्या, गाठीसकट. शेतात उभ्या ज्वारीतलं सगळ्यात भरलेलं कणीस निवडायचं आणि त्याला चिंधी बांधून ठेवायची, म्हणजे कुणी तोडणार नाही आणि ते बियासाठी उभ्या ताटावरच वाळेल. आजीही असंच करायची. बांधलेल्या गाठी सोडवून आत्यानं कणसं तोडली होती. मी आगटीकडे धावले. राखेत भुसकट होतं. दाणे थालीपिठात गेले होते आणि थालीपीठं लोकांच्या पोटात.

तशीच गाडी काढून मिरजगावला गेले. आत्या म्हशीपुढं ज्वारीची हिरवी वैरण टाकत होती. खालचा तुकडाही मोकळा होता, नुसती धसकटं. मी चिंध्या तिच्यापुढं धरल्या आणि रडायला लागले.

"अगं, बी का तोडलंस? नाही म्हणायचं होतंस ना मला!"

"कशी न्हाई म्हनू? तूच वाचून दाखिवलंस, पंधरा दिस. एवढी मान्सं वाचून येत्यात. माज्यापायी तुजा शबुद खोटा पडू देऊ व्हय?"

"शब्द कसला गं! मी आपलं बरं दिसावं म्हणून लिहिलं होतं."

ती रागवली असती तर बरं झालं असतं. तिला ते समजतच नव्हतं. कुणी दिवस लिहून द्यावेत आणि ते नुसते शोभेचे असावेत, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"आता पुढच्या वर्षी गं?"

तिनं चिंध्या माझ्या हातातून घेतल्या, एकेक सरळ केली, कनवटीला खोचल्या. "ऱ्हाऊ दे. आयचं हुतं ते आयच्या मागं गेलं म्हनायचं. चा ठिवते, बस."

तो चहा मी कसा प्यायले, मलाच माहीत.

परत आल्यावर फळा पुसला. 'पुढच्या हिवाळ्यात पुन्हा' ही ओळ पहिल्यांदा. मग खडू हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिले. खरं ते लिहावं, सगळं लिहावं असं वाटत होतं. पण एकेक वाक्य मनात आलं की ते आधीच छान दिसायला लागायचं आणि माझी मलाच शिसारी यायची. नवरा आतून म्हणाला, "काहीतरी लिही, लोक विचारतायत."

'हुरडा संपला' एवढंच लिहिलं. दारातल्या एका बाईंनी ते वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरोबर, पंधरा दिवसच म्हणाला होतात."