पत्ता स्थिरावण्याआधी

राजाजीनगरच्या आमच्या कंपनीत हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र बनत होतं. त्याच्या स्टॅटिक मेमरीत एक नोंद लिहिली की कधीकधी दुसरीच एखादी बिघडायची. शेजारच्या टेबलावरच्या अण्णांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर, विजेच्या संकेतांच्या रेषांत, कारण दाखवलं. "कुठल्या जागी लिहायचं तो मेमरीतला पत्ता स्थिर व्हायच्या आधीच लिहिण्याचा पल्स, म्हणजे इशारा, सुरू होतोय. मग चुकीच्या जागी लिहिलं जाणारच."

त्यांनी पल्स थोडा उशिरा सुरू केला, तो पुरेसा रुंद ठेवला आणि तो संपल्यावरही डेटा क्षणभर टिकवला. नोंदी बरोबर वाचल्या जाऊ लागल्या.

तेवढ्यात मॅनेजर येऊन म्हणाले, "हे यंत्र बनवणं बंद करायचं ठरलंय. तुमचा विभागही."

"सरी," कन्नडमध्ये 'बरं', अण्णा एवढंच म्हणाले, आणि पुढची चाचणी लावून पडद्याकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.